शनी संपला की नाही: एका पत्रिकेतली चालू महादशा

एकाच पत्रिकेवरून तिघांनी तीन उत्तरं काढली होती. ती घेऊन पत्रिकेच्या मालकीणबाई माझ्याकडे आल्या. वय ४४ वर्षं २ महिने पूर्ण. त्यांच्या मामांचं म्हणणं असं की शनीची महादशा चालू आहे, अजून साडेअकरा महिने आहे. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बुधाची महादशा दिसत होती, आणि तीही लागून जवळजवळ सव्वा वर्ष झालेली. बाईंनी स्वतः वहीत हिशोब केला होता. त्यात बुध आला, पण तो लागून जेमतेम पंधरा दिवस झालेले.

“काका, मामा इतकी वर्षं पत्रिका बघतायत, ते चुकतील का? आणि ॲप तरी कशाला चुकेल?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी तिन्ही हिशोब समोर मांडले आणि आधी नुसत्या बेरजा तपासल्या. तिन्हींच्या बेरजा बरोबर होत्या. म्हणजे फाटा त्याच्या आधी फुटला होता.

दशेच्या हिशोबात बहुतेक वेळा हेच होतं. पुढची बेरीज शाळेतलं पोरही करेल. सगळी गोम असते ती जन्माच्या वेळी चालू असलेल्या पहिल्या दशेत. ती किती उरली होती हे एकदा नक्की झालं की पुढचं आपोआप लागतं. तिथे चूक झाली, तर ती शेवटच्या दशेपर्यंत जशीच्या तशी वाहत जाते.

पत्रिका हाताने लिहिलेली, जुन्या पद्धतीची होती. दशांचं कोष्टक करून ठेवलेलं नव्हतं. वरच्या भागात चंद्रस्पष्ट ६।१४।१० असं लिहिलं होतं. नक्षत्र स्वाती, चरण ३, नावरस नाव ‘रो’ अक्षरावरून. भभोग ६४ घटी, भयात ३६ घटी. (पळं इथे सोडून देतो, आकडे गोल राहतील.) जन्मवेळ सकाळी सव्वासहा. त्याखाली एक ओळ: ‘विंशोत्तरी, जन्मसमयी राहू महादशा भ… व. १० मा. १ दि. १५’. कागदाची घडी नेमकी याच ओळीवर पडली होती. त्याखालची ओळ घडीत झिजून गेली होती, शेवटचा ‘१५’ एवढाच आकडा दिसत होता.

मामांनी ‘भ…’ हे अक्षर ‘भो’ वाचलं. भो म्हणजे भोग्य, जन्मानंतर भोगायची राहिलेली दशा. बाईंनीही त्यांचंच वाचन धरलं. राहू १० वर्षं १ महिना १५ दिवस, पुढे गुरूची १६ वर्षं, म्हणजे वयाच्या २६ वर्षं १ महिना १५ दिवसांपर्यंत गुरू. त्यात शनीची १९ मिळवली की ४५ वर्षं १ महिना १५ दिवस. बाईंचं वय ४४ वर्षं २ महिने, म्हणून शनी चालू. शनीतला शेवटचा तुकडा गुरूच्या अंतर्दशेचा असतो, म्हणून मामांनी ‘शनीत गुरू’ असं सांगितलं.

बाईंनी याच आकड्यांवर एक वेगळं पाऊल टाकलं. ‘मला पंचेचाळिसावं चालू आहे’ असं त्या बोलण्यात म्हणत होत्या आणि वहीतही त्यांनी वय ४५ वर्षं २ महिने असंच धरलं होतं. ४५-१-१५ ला शनी संपतो, म्हणून बुध लागून पंधरा दिवस. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष सांगायची सवय आहे, त्यामुळे ही चूक नेहमी बघायला मिळते. दशा मोजताना वय पूर्ण झालेलं लागतं. ४४ वर्षं पूर्ण होऊन वर २ महिने, म्हणजे ४४-२-०.

इथे थोडं थांबायला हवं. बाईंच्या हिशोबात महादशेचं नाव बुध आलं, आणि ते नाव शेवटी खरंच ठरणार आहे. पण ते आलं दोन चुका एकमेकींना खोडून गेल्यामुळे. भोग्याचा आकडा चुकल्याने शनी सव्वादोन वर्षं लांबला आणि वय एक वर्ष जास्त धरल्याने त्यातलं एक वर्ष भरून निघालं. तिसऱ्या हिशोबातलं नाव दुसऱ्याशी जुळलं की माणूस निर्धास्त होतो. मी म्हणेन, नाव जुळलं तरी दशा कधी लागली ती तारीख जुळते का, हे आधी पाहावं. ॲप सव्वा वर्षापूर्वीचा दिवस दाखवत होतं, वही पंधरा दिवसांपूर्वीचा. एवढा फरक असेल, तर दोन हिशोब जुळले असं म्हणता येत नाही.

आता मूळ मुद्दा. १०-१-१५ हे भुक्त, म्हणजे जन्मापूर्वीच संपलेलं, की भोग्य?

भिंगाखाली अक्षर पाहिलं. ‘भो’ असता तर भनंतर काना आणि वर मात्रा दिसायला हवी होती. शिरोरेघेच्या वरचा कागद धड होता, घडी खालून गेली होती, आणि वर मात्रेची खूण अजिबात नव्हती. अक्षराच्या खाली, घडीच्या काठाला, शाईचा एक बारीक आकडा वळलेला दिसत होता. तो उकाराचा होता. म्हणजे ‘भु’. पण शाईच्या एका ठिपक्यावर कुणाच्या दशेचा निर्णय मी करत नाही. पत्रिकेत हे तपासायला तीन वेगवेगळ्या जागा होत्या. त्या सगळ्या एकच सांगतात का, ते पाहू या.

पहिली जागा चंद्राचे अंश. ६।१४।१० याचा अर्थ सहा राशी पूर्ण आणि सातव्या राशीचे १४ अंश १० कला. म्हणजे तूळ. (६ आकडा पाहून कन्या धरणारेही भेटतात, ते इथेच चुकतात.) प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे ८०० कलांचं. स्वाती तुळेच्या ६ अंश ४० कलांना सुरू होतं आणि २० अंशांना संपतं. त्याचा बरोबर मध्य १३ अंश २० कला. चंद्र १४ अंश १० कलांवर, म्हणजे मध्य ओलांडून पुढे गेलेला.

एवढं कळलं तरी वाद मिटतो. चंद्राने नक्षत्राचा जेवढा भाग चालून संपवला, त्याच प्रमाणात त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा जन्मापूर्वीच संपली, असा विंशोत्तरीचा नियम आहे. राहूची दशा १८ वर्षांची, तिचा अर्धा ९ वर्षं. चंद्र मध्याच्या पुढे असेल तर अर्ध्याहून जास्त दशा गेली, आणि भोग्य ९ वर्षांहून कमीच असलं पाहिजे. १० वर्षं १ महिना हे भोग्य असूच शकत नाही. यासाठी गुणाकाराचीही गरज नाही, नुसत्या नजरेने कळतं. पत्रिका हातात आली की ही तपासणी मी सगळ्यात आधी करतो.

दुसरी जागा नावरस नावाचं अक्षर. स्वातीच्या चार चरणांची अक्षरं रू, रे, रो, ता. ‘रो’ म्हणजे तिसरा चरण. एक चरण म्हणजे नक्षत्राचा पाव भाग, राहूच्या १८ वर्षांतली साडेचार वर्षं. तिसऱ्या चरणात जन्म असेल तर दोन चरण, म्हणजे ९ वर्षं, नक्की गेलेली आणि चौथ्या चरणाची साडेचार वर्षं नक्की उरलेली. भोग्य साडेचार ते नऊ वर्षांच्या मधेच पडणार. चंद्राचे अंश पुसले गेले असले तरी नावाच्या अक्षरावरून इतकं तरी सांगता येतं. बाईंचं पत्रिकेतलं नाव घरात कुणी वापरत नव्हतं, पण त्या नावाचं पहिलं अक्षर इथे साक्षीला उभं राहिलं.

तिसरी जागा भयात-भभोग. भभोग म्हणजे चंद्राला ते नक्षत्र पार करायला लागलेला एकूण वेळ, भयात म्हणजे त्यातला जन्मापर्यंत गेलेला वेळ. एक घटी २४ मिनिटांची. भभोग ६४ घटी म्हणजे २५ तास ३६ मिनिटं. भयात ३६ घटी म्हणजे १४ तास २४ मिनिटं. सव्वासहातून तेवढे मागे गेलं की आदल्या दिवशी दुपारी ३ वाजून ५१ मिनिटांनी स्वाती लागल्याचं निघतं, आणि जन्मदिवशी संध्याकाळी ५ वाजून २७ मिनिटांनी ते संपतं. ज्याच्याकडे त्या वर्षाचं पंचांग आहे त्याने नक्षत्राच्या रकान्यात एवढंच पडताळून पाहावं. उरल्या २८ घटी. १८ वर्षांना २८ ने गुणून ६४ ने भागलं की ७.८७५ वर्षं, म्हणजे ७ वर्षं १० महिने १५ दिवस. हे भोग्य. ३६ ने गुणून ६४ ने भागलं की १० वर्षं १ महिना १५ दिवस. हे भुक्त. दोन्ही मिळून बरोबर १८.

घडीतल्या ओळीचा उरलेला ‘१५’ आठवतो ना? तो भोग्याच्या ७-१०-१५ मधला होता. मामांना वाटलं होतं की वरचाच आकडा कुणीतरी पुन्हा लिहिला. दोन्हीकडे दिवस १५ आले हा योगायोग, आणि त्यानेच त्यांना चकवलं.

अंशांवरूनही हाच आकडा येतो. मेषारंभापासून चंद्र १९४ अंश १० कलांवर, म्हणजे ११,६५० कला. ८०० ने भागलं की १४.५६२५. चौदा नक्षत्रं पूर्ण, पंधरावं चालू. पंधरावं म्हणजे स्वाती. उरलेला .५६२५ हा स्वातीचा गेलेला भाग. त्याला १८ ने गुणा, १०.१२५ वर्षं येतात. तेच १०-१-१५.

स्वातीचा स्वामी राहू हे पाठ नसेल तर काढता येतं. नक्षत्राच्या क्रमांकातून २ वजा करायचे आणि ९ ने भागायचं. १५ मधून २ गेले १३, बाकी ४. मग ‘आ चं कु रा जी श बु के शु’ या ओळीतलं चौथं अक्षर घ्यायचं: रा, राहू. ही ओळ म्हणजेच दशांचा क्रम: आदित्य म्हणजे रवी ६ वर्षं, चंद्र १०, कुज म्हणजे मंगळ ७, राहू १८, जीव म्हणजे गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७, शुक्र २०. एकूण १२०. क्रम कधी बदलत नाही, कुठून सुरू होतो तेवढं बदलतं. शुक्रानंतर पुन्हा रवी.

आता जन्मापासून वय मांडू. आकडे वर्ष-महिना-दिवस असे वाचावेत.

राहू (उरलेला): ७-१०-१५ पर्यंत
गुरू १६: २३-१०-१५ पर्यंत
शनी १९: ४२-१०-१५ पर्यंत
बुध १७: ५९-१०-१५ पर्यंत

बाईंचं वय ४४-२-०. शनी संपून १ वर्ष ३ महिने १५ दिवस झाले. बुधाची महादशा चालू आहे.

जन्मदशा पूर्ण १८ वर्षांची धरून जन्मापासून मोजणारेही आहेत. ‘राहूची दशा १८ वर्षं’ हे वाक्य ऐकून तसं केलं जातं. तसं इथे केलं तर राहू १८, गुरू ३४, शनी ५३ पर्यंत लांबतो, आणि बाईंना शनी संपायची वाट बघत आणखी जवळजवळ नऊ वर्षं काढावी लागतील. पूर्ण जन्मदशा वाट्याला यायची तर जन्म अगदी नक्षत्र लागता क्षणीच व्हावा लागतो.

आता अंतर्दशा. कुठल्याही महादशेत पहिली अंतर्दशा तिच्याच ग्रहाची असते, आणि पुढचा क्रम वरच्या ओळीप्रमाणेच. किती काळ चालते ते काढायची एक जुनी सोपी युक्ती आहे. दोन्ही ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करायचा, शेवटचा अंक तोडायचा. उरलेली संख्या म्हणजे महिने, आणि तोडलेल्या अंकाची तिप्पट म्हणजे दिवस. बुधात बुध: १७ गुणिले १७ बरोबर २८९. महिने २८, दिवस ९ त्रिक २७. म्हणजे २ वर्षं ४ महिने २७ दिवस. हे बुधाच्या सुरुवातीच्या ४२-१०-१५ मध्ये मिळवलं की ४५-३-१२. बाईंचं वय अजून त्याच्या आत आहे. म्हणून उत्तर: बुध महादशा, बुधाचीच अंतर्दशा, वयाची ४५ वर्षं ३ महिने १२ दिवस होईपर्यंत. त्यानंतर बुधात केतू, १७ सत्ते ११९, म्हणजे ११ महिने २७ दिवस.

मामांच्या हिशोबातली ‘शनीत गुरू’ याच युक्तीने ३०४, म्हणजे ३० महिने १२ दिवस. तो आकडाही त्यांनी बरोबर काढला होता. सुरुवातीचं एक अक्षर सोडलं तर त्यांच्या कागदावर खोडण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मी बाईंना मुद्दाम सांगितलं.

ॲपचं काय? त्यात बुधाची सुरुवात आमच्या आकड्यापेक्षा सोळा दिवस उशिरा दिसत होती. मी त्यातला चंद्र उघडून पाहिला: तूळ १४ अंश ८ कला. पत्रिकेत १० कला. फरक दोन कलांचा. राहूच्या नक्षत्रात ८०० कलांना १८ वर्षं, म्हणजे एका कलेला साधारण आठ दिवस. दोन कलांना सोळा दिवस. फरकाचा हिशोब तंतोतंत लागला. हाताने केलेल्या गणितात एवढा फरक राहायचाच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच ‘तुमची दशा अमुक तारखेला बदलते’ असं दिवस नेमून कुणी सांगायला लागलं की मी कान टवकारतो.

जन्मवेळेचाही विचार करायला हवा. सव्वासहा ही वेळ उघडच पाव तासाला जुळवून घेतलेली आहे. खरी वेळ सात-आठ मिनिटं इकडेतिकडे असू शकते. या पत्रिकेत चंद्र तासाला सव्वाएकतीस कला चालत होता. आठ मिनिटांत चार कला, म्हणजे दशेत महिनाभराचा फरक. तासाभराची चूक असेल तर साडेआठ महिने. आता उलट बाजूने बघू. बाईंची शनी दशा आजही चालू असायची तर बुधाची सुरुवात निदान सव्वा वर्ष पुढे सरकायला हवी. त्यासाठी चंद्र सत्तावन्न कला मागे हवा, म्हणजे जन्म एक तास पन्नास मिनिटं आधी, पहाटे साडेचारच्या आत. बाईंच्या आईंना पक्कं आठवत होतं की त्या वेळी बाहेर फटफटायला लागलं होतं. म्हणजे महादशा बुधाचीच, याला जन्मवेळेची शंका धक्का लावत नाही. अंतर्दशा नेमकी कोणत्या आठवड्यात पालटते, हे मात्र एवढ्या खात्रीने सांगता येणार नाही. महिनाभर अलीकडे-पलीकडे धरावं.

जन्मवेळ पक्की नसली की लोक पत्रिकाच निरुपयोगी समजतात. तसं नसतं. आज आपण दशेच्या मधोमध असलो तर तासाभराची चूकही महादशेचं नाव बदलत नाही. आज आपण सीमेवर असलो तर पाच मिनिटंही महत्त्वाची. म्हणून मी आधी सीमा किती लांब आहे ते बघतो आणि मगच जन्मवेळेबद्दल विचारतो.

यापुढचा फरक मोठा आहे, आणि मराठी घरांत तो विशेष भेटतो. पंचांग कोणतं? राशिचक्राचा आरंभ कुठून मोजायचा हे अयनांशावरून ठरतं, आणि बहुतेक पंचांगं आणि ॲप चित्रा पक्षाचं अयनांश धरतात. टिळक पंचांग रेवती पक्षाचं आहे, आणि दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे. टिळक पंचांगाप्रमाणे मकरसंक्रांत १४ जानेवारीऐवजी १० जानेवारीच्या सुमारास येते, ती याच चार अंशांमुळे. त्या पंचांगाने बाईंचा चंद्र तुळेच्या १८ अंश १० कलांवर जाईल. नक्षत्र स्वातीच, पण चरण चौथा आणि अक्षर ‘ता’. भोग्य राहू उरेल केवळ २ वर्षं ५ महिने २१ दिवस. बुध लागेल वयाच्या ३७ वर्षं ५ महिने २१ दिवसांना, आणि आज बुधात रवीची अंतर्दशा निघेल. चार अंशांनी सव्वापाच वर्षांहून जास्त फरक पडतो.

यातलं कोणतं खरं, या वादात मला इथे शिरायचं नाही. दोन्ही पक्षांची आपापली परंपरा आहे. पण एकच पत्रिका निम्मी एका पक्षाने आणि निम्मी दुसऱ्या पक्षाने वाचणं हे मात्र चूकच. पत्रिका कुठल्या पंचांगावरून केली हे वर लिहिलेलं नसेल तर नावाचं अक्षर कामाला येतं. या पत्रिकेत अक्षर ‘रो’ होतं आणि चित्रा पक्षाच्या ॲपनेही तिसराच चरण दाखवला. म्हणजे पत्रिका चित्रा पक्षाची, आणि ॲपशी तुलना करायला हरकत नाही. अक्षर ‘ता’ निघालं असतं, तर मी पुढचा एकही आकडा ॲपशी ताडून बघितला नसता.

वर्षाच्या लांबीबद्दलही एक ओळ लिहितो. आपण वर महिने-वर्षं कॅलेंडरप्रमाणे मिळवली, म्हणजे वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं झालं. कुणी ३६० दिवसांचं सावन वर्ष धरतात. पावणेत्रेचाळीस वर्षांवर तो फरक साधारण २२५ दिवसांचा होतो आणि बुध साडेसात महिने आधी लागतो. बाईंच्या बाबतीत तरीही उत्तर बुधात बुध हेच राहतं. ॲपच्या सेटिंगमध्ये हा पर्याय असतो, आणि दोन ॲपमध्ये सहा-आठ महिन्यांची तफावत दिसली तर मी आधी तो बघतो.

सगळं दाखवून झाल्यावर बाईंनी विचारलं, “पण काका, मला साडेसाती कधीच संपली असं सांगितलं होतं, मग मामा शनी चालू आहे असं का म्हणत होते?” हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की मी तो दरवेळी वेगळा करून सांगतो. साडेसाती म्हणजे आज आकाशात फिरणारा शनी आपल्या जन्मराशीच्या मागच्या, त्याच आणि पुढच्या राशीतून जातो तो साडेसात वर्षांचा काळ. एका राशीच्या सगळ्यांना ती एकाच वेळी लागते. शनीची महादशा जन्मनक्षत्रातल्या चंद्राच्या जागेवरून निघते, ती १९ वर्षांची, आणि प्रत्येकाला वेगळ्या वयात येते. काहींना ती बालपणीच येऊन जाते. दोन्हींत शनीचं नाव आहे, एवढाच काय तो संबंध. बाईंच्या मनात ‘शनी संपला’ आणि ‘शनी चालू’ ही दोन वाक्यं एकमेकांवर आदळत होती, प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल होती.

बुधाचं फळ काय, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यासाठी लग्न, बुधाचं स्थान, तो कोणत्या भावांचा स्वामी, हे सगळं नव्याने पाहावं लागतं. ती वेगळी बैठक.

पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी पेन्सिलीने चार ओळी लिहून दिल्या: चित्रा पक्ष, राहू भुक्त १०-१-१५, राहू भोग्य ७-१०-१५, बुध प्रारंभ वय ४२-१०-१५. ‘भुक्त’ आणि ‘भोग्य’ हे दोन्ही शब्द पूर्ण लिहिले. घडीही मोडून घेतली आणि कागद सपाट ठेवायला पुठ्ठ्याचं पाकीट दिलं. चार दिवसांनी मामांचा फोन आला. त्यांनी भिंग आणून तो उकार स्वतः पाहिला होता, आणि आता त्यांना त्यांच्याकडच्या आणखी दोन जुन्या पत्रिकांतली जन्मदशा चरणावरून ताडून बघायची होती. त्यातल्या एकीत नक्षत्र पुष्य, अक्षर ‘हे’, आणि शनीचं भोग्य १६ वर्षं लिहिलेलं. ‘हे’ म्हणजे पुष्याचा दुसरा चरण. शनीच्या १९ वर्षांचा पाव भाग पावणेपाच, म्हणून दुसऱ्या चरणाला भोग्य साडेनऊ ते सव्वाचौदा वर्षांच्या मधे हवं. १६ बसत नाही. तिथे चरण चुकलाय की आकडा, ते बघायला आम्ही रविवारी बसणार आहोत.